पत्रपेटीवरचे आडनाव

नमस्कार. जर्मनीतील हिवाळी सत्रासाठी निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील आज समोर बसले आहेत. व्हिसा, एपीएसचे प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंट हे शब्द गेले वर्षभर तुमच्या घरात रोज उच्चारले गेले असतील, म्हणून त्यांची ओळख मी करून देत नाही. आयोजकांनी मला ‘सामान, हातातली कागदपत्रे आणि पहिला आठवडा’ असा विषय दिला आहे. मी मात्र सुरुवात एका पत्रपेटीपासून करणार आहे, कारण पहिल्या आठवड्यातील सगळी कामे शेवटी तिथे येऊन अडतात, असे माझे ठाम मत आहे.

मी एम.एस.साठी गेले, तेव्हा माझ्या इमारतीच्या दाराशी पत्र्याच्या छोट्या पेट्यांची ओळ होती. माझ्या वाट्याला आलेल्या पेटीवर मी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत ‘मधुरा’ एवढेच लिहिले. आपल्याकडे पोस्टमन चुकला तरी वॉचमन सांगतो, शेजारच्या काकू पत्र ठेवून घेतात. तिथे पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि शहर एवढेच असते, खोलीचा क्रमांक सहसा लिहीत नाहीत. पोस्टमन पाकिटावरचे आडनाव पेट्यांवर शोधतो, जुळले तर पत्र टाकतो आणि जुळले नाही तर पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. माझी सारी पत्रे ‘श्रीमती जोशी’ या नावाने येत होती आणि त्या इमारतीत जोशी नावाची पेटीच नव्हती.

बँकेचे डेबिट कार्ड परत गेले. त्याचा पिन सुरक्षिततेसाठी वेगळ्या पाकिटात येतो, तेही परत गेले. रोज संध्याकाळी पेटी उघडून रिकामी पाहायची आणि बँकेला उशीर होतो आहे असे समजून वर जायचे, असे माझे तीन आठवडे गेले. शेवटी आरोग्य विमा कंपनीची ईमेल आली की तुमचे कार्ड ‘पत्त्यावर व्यक्ती आढळली नाही’ या शेऱ्यासह आमच्याकडे परत आले आहे. मी त्याच रात्री पट्टी बदलली. दुसऱ्या कोणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल, तर तुमचे आडनावही पेटीवर लावून घ्या. ते जमत नसेल तर पत्त्यात ‘c/o’ लिहून मूळ भाडेकरूचे आडनाव घाला.

आडनावाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या मराठी मुलांची एक खास अडचण सांगते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि पुष्कळदा शेवटी आईचेही नाव छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते आणि दुसऱ्या रकान्यात तुमचे व वडिलांचे नाव एकत्र असते. तिथल्या कारकुनाला हे दोन वेगवेगळे माणूस वाटू शकतात. म्हणून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले इंग्रजी प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा, आणि तिथे गेल्यावर प्रत्येक अर्जात, बँकेत, विम्यात आणि पत्रपेटीवरही पासपोर्टवरचेच स्पेलिंग वापरा.

आता ही पत्रे इतकी महत्त्वाची का, ते पाहू. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी केवळ भाडेकरार चालत नाही. हा भाडेकरू अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो, असे घरमालकाने सही करून दिलेले स्वतंत्र पत्र लागते. नोंदणीचा दाखला हातात आला की बहुतेक बँकांमध्ये खाते उघडणे सोपे होते, आणि त्या खात्याचे कार्ड व पिन पत्रपेटीतच येतात. हे साधे खाते चालू झाल्यावरच ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे त्यात येऊ लागतात. म्हणजे वडिलांनी कर्ज काढून भरलेले ११,९०४ युरो तुमच्या नावावर असतात, पण घरमालकाची एक सही नसेल तर त्यातून पावही विकत घेता येत नाही. थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांचे मालक हे पत्र द्यायला अनेकदा तयार नसतात. त्यामुळे खोली ठरवतानाच ‘नोंदणीसाठी पत्र देणार का’ हे ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. आपल्या मुलांना खोलीचे फोटो पाठवून भुलवणारे आणि या प्रश्नावर गप्प बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मला अजून राग येतो.

माझ्याकडे फार वेळ उरलेला नाही, तेव्हा हातातल्या बॅगेकडे वळते. पासपोर्ट, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, विम्याची कागदपत्रे, भाडेकरार, एपीएस आणि सर्व मूळ गुणपत्रिका एका फाइलमध्ये आणि ती फाइल पाठीवरच्या बॅगेत असावी. विमानतळावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी प्रवेशपत्र आणि पैशांची सोय दाखवा असे म्हणू शकतो, आणि तेव्हा तुमची मोठी बॅग अजून पट्ट्यावरही आलेली नसते. पहिल्या महिन्याचे भाडे, अनामत आणि जेवण भागेल इतके पैसे फॉरेक्स कार्डवर आणि थोडे रोख ठेवा, कारण वरची साखळी पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे सहज जातात.

मोठ्या बॅगेबद्दल आयांना एकच विनंती आहे. साजूक तूप, पेढे, बर्फी हे सारे दुग्धजन्य असल्यामुळे युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही. सापडले तर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ज्वालाग्राही मानल्या जातात, म्हणून चेक-इन बॅगेत मुळीच ठेवू नका. गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी मात्र नीट बंद करून खुशाल द्या. नेहमीची औषधे जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्या. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत हवी.

तिकीट काढताना स्वस्त दिवस पाहण्याआधी खोलीची किल्ली कोण, कोणत्या दिवशी, किती वाजता देणार ते विचारा. वसतिगृहाचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणारा माणूस, सहसा कामाच्या दिवशी ठराविक वेळातच भेटतो. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर बुधवारी आला आणि ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, राष्ट्रीय सुट्टी होती. बुधवारी सकाळी पोहोचलेल्या मुलाला किल्ली, सिमकार्ड आणि किराणा यांसाठी दोन दिवस मिळाले. गुरुवारी रात्री उतरलेल्याला किल्लीसाठी सोमवारची वाट पाहावी लागली असती, आणि मधल्या रविवारी रेल्वे स्थानकातली मोजकी दुकाने सोडली तर सगळा बाजार बंद.

शेवटची गोष्ट घाईत सांगते. तुमचा प्रवेशाचा व्हिसा मर्यादित काळाचा असतो आणि तो संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. मोठ्या शहरांत तिथली वेळ मिळायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून आनमेल्डुंगचा दाखला मिळेल त्याच दिवशी ही वेळ मागा, आणि मागणी केल्याच्या ईमेलची छापील प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा.