पित्ताशय काढल्यानंतर: दुखणं उतरतंय की चढतंय?

खड्यांमुळे पित्ताशय, म्हणजे पित्ताची पिशवी, काढलेला माणूस घरी निघताना हमखास तीन गोष्टी विचारतो. काय खाऊ, कामाला कधी लागू, आणि पित्ताचा त्रास आता कायमचा गेला ना? तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे घोळ शब्दातच आहे. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो ती छातीतली जळजळ, ते आंबट ढेकर, हे सगळं जठरातल्या आम्लाचं काम. यकृतात तयार होणारं हिरवट-पिवळं पित्त हा निराळा रस आहे. पिशवी काढली म्हणून जळजळ जाईलच असं नाही, आणि ती राहिली म्हणून ऑपरेशन फसलं असंही नाही.

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पिशवी ते साठवते, आटवून दाट करते आणि जेवणातली चरबी आतड्यात पोचली की पिळल्यासारखी आकसून एकदम बाहेर सोडते. पिशवी गेली तरी पित्त तयार व्हायचं थांबत नाही, ते दिवसभर थोडं थोडं आतड्यात उतरत राहतं. आहाराचं सगळं उत्तर यातच आहे. चरबी पचते, पण एकाच बैठकीत भरपूर तेलकट खाल्लं तर त्या वेळी पित्ताचा साठा हाताशी नसतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे थोडं थोडं, चार-पाच वेळा खावं आणि तळलेलं, साय-लोण्याचं बेतानं घ्यावं. तेल-तूप जन्मभर बंद करायची गरज नसते. ऑपरेशननंतर दोन-दोन वर्षं उकडलेलं खाऊन हडकलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यांना कुणीतरी ‘पथ्य पाळा’ सांगितलेलं असतं, ते कधी थांबवायचं हे मात्र सांगायचं राहून गेलेलं असतं.

काहींना जेवल्या जेवल्या पातळ शौचाला होतं. मोठ्या आतड्यात जास्त पित्त पोचलं की ते तिथे पाणी ओढतं, म्हणून. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बसतं. नाही बसलं तर सोसत राहू नका, पित्त बांधून ठेवणारी औषधं आहेत.

आता दुखण्याकडे येतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइड वायूनं फुगवावं लागतं. त्यानं श्वासपटलाला टोचणी लागते, आणि श्वासपटलाची नस मानेतून येत असल्यामुळे मेंदूला ते दुखणं खांद्यात वाटतं. ‘डॉक्टर, ऑपरेशन पोटाचं केलंत आणि दुखतोय खांदा!’ ही तक्रार मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. दोन-तीन दिवसांत ती जाते, हिंडल्या-फिरल्यानं बरं वाटतं. चार छिद्रांपैकी बेंबीजवळचं सगळ्यात जास्त दुखतं, कारण पिशवी बहुधा तिथूनच बाहेर काढतात. तिथे निळं-जांभळं पडणं, एखादा थेंब गुलाबी पाणी येणं चालतं. पू आला, किंवा लाली जखमेभोवती पसरत चालली, तर ती दाखवायला या.

चालायला त्याच दिवशी सुरुवात करायची. त्यानं पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका कमी होतो. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर भार देऊन बसा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. जिने चढायला हरकत नाही. जड वजन आणि व्यायामशाळा दोन ते चार आठवडे लांब ठेवा. नेमका अवधी तुमचे सर्जन सांगतील, कारण पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर हा हिशेब सहा-आठ आठवड्यांवर जातो. गाडी चालवायची कसोटी सोपी आहे: गुंगी आणणारी वेदनाशामक औषधं बंद झालेली असावीत आणि कचकन ब्रेक दाबताना पोट धरावं लागू नये.

एवढं सांगून झाल्यावर मी प्रत्येकाला एकच गोष्ट घोकायला लावतो. दुखणं कालच्यापेक्षा आज कमी असलं पाहिजे. किती दुखतंय यापेक्षा ते कोणत्या दिशेनं चाललंय, हे मला जास्त सांगून जातं.

चाळिशीतल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. सोमवारी ऑपरेशन, मंगळवारी घरी. बुधवारी, गुरुवारी छान होत्या, घरात फिरत होत्या, जेवत होत्या. शुक्रवारी दुपारी पोट फुगल्यासारखं झालं, जेवण नकोसं वाटलं आणि उजवीकडे दुखू लागलं. त्यांनी फोन केला. पलीकडच्या व्यक्तीनं सांगितलं, ‘गॅस असतो, पॅरासिटामॉल घ्या.’ तो फोन आमच्याच विभागात आला होता, म्हणून हे सांगताना मला आजही ओशाळायला होतं. पोटात भरलेला तो वायू चौथ्या दिवसापर्यंत बहुतेक शोषला गेलेला असतो. उतरलेलं दुखणं चौथ्या दिवशी परत चढलं, तर ते त्याच्या माथी मारता येत नाही.

पॅरासिटामॉलनं ताप झाकला गेला. शनिवारी संध्याकाळी त्या आल्या तेव्हा नाडी ११०, पोट ताठ नव्हतं पण हात लावला की दुखत होतं, डोळे पांढरेच. सोनोग्राफीत यकृताखाली पाणी साठलेलं दिसलं. सुईनं काढलं तर ते पित्त निघालं. पिशवीच्या नळीचं तोंड क्लिप लावून बंद करतात, तिथून किंवा यकृताच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक नळीतून असं पित्त झिरपू शकतं. हे क्वचितच होतं, आणि झालं तर बहुधा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत कळतं. त्यांच्या पोटात एक नळी घालून पित्त बाहेर काढलं. मग तोंडातून दुर्बीण घालून मुख्य पित्तनलिकेत स्टेंट बसवला. त्यामुळे पित्ताला आतड्याकडची वाट सोपी झाली आणि गळती आटली. काही आठवड्यांनी स्टेंट काढला. पुन्हा पोट उघडावं लागलं नाही, पण आणखी दोन दिवस गेले असते तर लागलं असतं.

म्हणून फोन कराल तेव्हा नुसतं ‘पोट दुखतंय’ म्हणू नका. ‘चौथा दिवस आहे, काल बरं होतं, आज वाढलंय’ असं सांगा. १०१ च्या वर ताप, थंडी वाजून येणं, उलटी न थांबणं, पोट फुगून वारा न सरणं, यासाठीही फोन करा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. पायाची एकच पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर येऊन पडणं यात फोनची वाट बघू नका, थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

(श्रोत्यांमधून प्रश्न: पिशवीच काढली, मग पुन्हा खड्याचा त्रास कसा होतो?)

चांगलं विचारलंत. ऑपरेशनच्या आधीच एखादा खडा पिशवीतून निसटून मुख्य नळीत जाऊन बसलेला असू शकतो. नळीत नव्यानेही खडा होतो. तो कधी काही दिवसांत त्रास देतो, कधी काही वर्षांनी. पहिली खूण बहुधा लघवीत दिसते: पाणी भरपूर पिऊनही ती गडद, कोऱ्या चहासारखी होते. शौच मातकट, फिकट होते, अंगाला खाज सुटते, आणि डोळे पिवळे झालेले घरच्यांच्या लक्षात येतात. सोबत जुनी ओळखीची कळ असेल तर शंकाच नको. कावीळ आणि थंडी-ताप एकत्र आले तर नळीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, तेव्हा सकाळपर्यंत थांबू नका. आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना पिशवी काढल्याचं आवर्जून सांगा. चार छिद्रांचे वण इतके पुसट होतात की पुष्कळदा आम्हालाही ते दिसत नाहीत.