फुकट दिलं, मग कर कोणाच्या माथी?

(व्यापाऱ्यांच्या सभेतल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

दिवाळी जवळ आली की मला एकच प्रश्न विचारला जातो. "कामगाराला पन्नास हजारांपर्यंतची भेट दिली तर जीएसटी नाही ना?" नाही, हे खरं आहे. पण एवढं ऐकून माणूस निघून जातो आणि घोळ तिथंच सुरू होतो. कारण त्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कोणी विचारतच नाही: ती वस्तू विकत घेताना तुम्ही जो कर भरलात, त्याचं क्रेडिट घेतलंत का? आणि घेतलं असेल तर ते अजून तुमच्याकडेच आहे का?

क्रेडिट मिळतं ते कशासाठी? तुम्ही तोच माल पुढे विकणार, त्यावर कर लावणार, म्हणून आधी भरलेला कर वजा करून दिला जातो. माल विक्रीविना दुकानाबाहेर गेला की ही साखळी तुटते. अशा वेळी कायदा दोनच वाटा ठेवतो. एक तर त्या मालाला पुरवठा, म्हणजे विक्रीसारखाच करपात्र व्यवहार, समजा आणि कर भरा, क्रेडिट तुमचं. नाहीतर पुरवठा नाही म्हणा, मग क्रेडिट सोडा. कर भरला नाही आणि क्रेडिटही ठेवलं, अशी तिसरी वाट नाही. आपली बरीच मंडळी नकळत याच तिसऱ्या वाटेवर असतात.

आता भेटीकडे येऊ. एरवी पैसे घेतले नाहीत तर पुरवठाच होत नाही. पण सीजीएसटी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही व्यवहार असे आहेत की ते फुकट झाले तरी पुरवठाच. त्यात 'संबंधित व्यक्तीं'मधले व्यवहार येतात, आणि कलम १५च्या स्पष्टीकरणात मालक आणि नोकर यांना संबंधित व्यक्ती म्हटलंय. म्हणजे कामगाराला दिलेली प्रत्येक वस्तू कराच्या जाळ्यात आली असती. तसं होऊ नये म्हणून लगेच एक सूट जोडली आहे: मालकानं नोकराला एका आर्थिक वर्षात दिलेल्या, पन्नास हजारांपेक्षा जास्त मूल्याच्या नसलेल्या भेटी पुरवठा धरायच्या नाहीत. मर्यादा प्रत्येक नोकरामागे आहे आणि ती एप्रिल ते मार्च मोजायची. दिवाळीची भेट आणि फेब्रुवारीतल्या लग्नाची भेट एकाच थैलीत.

ही सूट पहिली वाट बंद करते. मग आपोआप दुसरी वाट लागू होते. कलम १७, पोटकलम ५, खंड (ह) सांगतो की भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालाचं क्रेडिट मिळणार नाही. ७ मार्च २०१९च्या परिपत्रक ९२मध्ये हेच आणखी स्पष्ट केलंय, आणि त्यातलं एक वाक्य महत्त्वाचं आहे: पहिल्या अनुसूचीमुळे ती भेट पुरवठा ठरत असेल, तर मात्र क्रेडिट मिळेल.

आकडे घेऊनच बोलू. समजा तुमचं घरगुती उपकरणांचं दुकान आहे, बारा माणसं कामाला. दिवाळीला प्रत्येकाला दुकानातलाच एक मिक्सर दिला. तुमची खरेदी ३,००० रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी ५४० रुपये कर. बारा मिक्सरचं क्रेडिट झालं ६,४८० रुपये. कोणाचीही मर्यादा ओलांडलेली नाही, म्हणून विक्रीचा कर शून्य. पण हे ६,४८० रुपये त्या महिन्याच्या GSTR-3B या विवरणपत्रात 4(B)(1) या रकान्यात उलटवायचे, म्हणजे घेतलेलं क्रेडिट परत करायचं. मिक्सर खरेदी होऊन दोन महिने झाले असतील, क्रेडिट कधीच वापरलं असेल, तरी उलटवायचे.

आता तुमच्या व्यवस्थापकाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि डिसेंबरात तुम्ही त्याला एक फ्रिज दिला. खरेदी ४०,०००, कर ७,२००. बाजारात तो फ्रिज कर सोडून ४८,००० ला जातो, आणि मिक्सर ४,००० ला. संबंधित व्यक्तीला दिलेल्या वस्तूचं मूल्य नियम २८ प्रमाणे खुल्या बाजारातल्या भावानं धरायचं, तुमच्या खरेदीच्या भावानं नाही. बेरीज ५२,०००. मर्यादा गेली.

इथं लोक घाबरतात. घाबरण्याआधी हिशेब करा. पूर्ण ५२,००० वर १८ टक्के म्हणजे ९,३६० रुपये कर भरायचा. पण आता हा पुरवठा आहे, म्हणून ७,२०० आणि ५४० असं ७,७४० रुपयांचं क्रेडिट तुमचंच राहतं. मिक्सरचं दिवाळीत उलटवलेलं क्रेडिटही परत घ्यायचं. खिशातून जास्तीचे गेले १,६२० रुपये. तुमच्या खरेदी आणि बाजारभावातल्या ९,००० रुपयांच्या फरकावरचा हा कर आहे, दुसरं काही नाही. मर्यादेच्या आत राहिला असतात तर ७,७४० चं क्रेडिट सोडावंच लागलं असतं. म्हणून पन्नास हजारांची रेषा म्हणजे कडेलोट नव्हे.

कायद्याची शब्दरचना थोडी सैल आहे, हेही सांगतो. काहीजण म्हणतात, कर फक्त मर्यादेवरच्या २,००० रुपयांवर. तसं धरलं तर कर ३६० रुपये, पण मग उरलेल्या पन्नास हजारांच्या वाट्याचं क्रेडिट उलटवावं लागेल, ते सुमारे ७,४४० रुपये. भरायची आणि उलटवायची रक्कम मिळून सुमारे ७,८००, आणि पहिल्या पद्धतीनं ९,३६०. फरक दीड हजाराचा. माझा कौल पहिल्या वाचनाकडे आहे, कारण सूट 'मर्यादेत असलेल्या भेटीं'ना आहे, 'मर्यादेपर्यंतच्या रकमे'ला नाही. शिवाय दीड हजारासाठी नोटिशीला उत्तर लिहायला वकिलाची फी त्याहून जास्त पडते.

भेट कशाला म्हणायचं, हे कायद्यात कुठेही सांगितलेलं नाही. १० जुलै २०१७च्या सरकारी निवेदनात एवढंच म्हटलंय की भेट ऐच्छिक असते, प्रसंगानं दिली जाते आणि नोकर ती हक्कानं मागू शकत नाही. म्हणून नेमणुकीच्या पत्रात लिहून दिलेली सवलत ही भेट नाही. नोकरीच्या करारातून मिळणाऱ्या सवलतींवर जीएसटी लागत नाही, असं ६ जुलै २०२२च्या परिपत्रक १७२मध्ये म्हटलंय. रोख बोनसचा तर प्रश्नच नाही, पैसा हा मालही नाही आणि सेवाही नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. पन्नास हजारांची ही मर्यादा फक्त नोकरांसाठी आहे. गिऱ्हाईकाला, डॉक्टरला, पुरवठादाराला दिवाळीत पाठवलेल्या सुक्या मेव्याच्या डब्याला ती लागू नाही. ते संबंधित व्यक्ती नाहीत, म्हणून पुरवठा नाही, कर नाही, आणि क्रेडिटही नाही. डबा पाचशेचा असो की पाच हजारांचा.

नमुन्यांचं तत्त्व हेच, पण मोजायची गोष्ट वेगळी. मसाल्याचा कारखानदार वीस ग्रॅमच्या दोन हजार पुड्या दुकानादुकानांत फुकट वाटतो. त्यानं पुडीच्या छापील किमतीवर कर भरायचा नाही. त्या पुड्यांत गेलेली मिरची, धणे, छापील प्लास्टिकची पट्टी, आणि वाटपासाठी घेतलेली कुरिअर सेवा, यांचं जे क्रेडिट घेतलं असेल तेवढंच उलटवायचं. पुडीमागे साठ पैशांचं क्रेडिट निघालं, तर दोन हजार पुड्यांचे १,२०० रुपये. त्यासाठी एक साधं नमुन्यांचं रजिस्टर हवं: तारीख, किती पुड्या, कुठं गेल्या. ते नसलं की तपासणीत अधिकारी स्वतःच्या अंदाजानं आकडा धरतो आणि तो तुमच्या अंदाजाइतका प्रेमळ नसतो.

'एकावर एक फुकट' हा मात्र नमुना नव्हे. परिपत्रक ९२ म्हणतं की तिथं एका किमतीत दोन वस्तू विकल्या जातात. फुकट दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तूचंही क्रेडिट शाबूत. अट एवढीच की दोन्ही वस्तू एकाच बिलात, एका व्यवहारात दिसल्या पाहिजेत. मुख्य माल आज बिलानं गेला आणि 'स्कीमचा माल' महिन्यानं नुसत्या चलनावर गेला, तर पुढं तो भेट नव्हता हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं.

आता घरचा वापर. दुकानातला टीव्ही मालकानं घरी नेला, तर स्वतःच्या वापराचं क्रेडिट नाही, त्याच कलम १७, पोटकलम ५चा खंड (ग). उलटवा आणि मोकळे व्हा. घरून काम करताना इंटरनेटचं बिल धंद्याच्या नावावर असेल आणि पोरंही त्यावरच मालिका बघत असतील, तर नियम ४२ सामायिक क्रेडिटच्या पाच टक्के रक्कम खासगी वापराची धरतो. महिन्याला १८० रुपयांचं क्रेडिट असेल तर नऊ रुपये.

जुना लॅपटॉप घरी न्यायचा असेल तर जरा थांबा. तीन वर्षांपूर्वी तो ६०,००० ला घेतला, १०,८०० चं क्रेडिट घेतलं. क्रेडिट घेतलेली धंद्याची भांडवली मालमत्ता कायमची बाहेर दिली तर तो फुकटातही पुरवठा असतो. भांडवली मालाचं आयुष्य पाच वर्षं धरून तिमाहीला पाच टक्के क्रेडिट जिरतं. तीन वर्षांत साठ टक्के जिरलं, राहिलं चाळीस टक्के, म्हणजे ४,३२०. आजच्या १५,००० च्या बाजारभावावर कर होतो २,७००. दोन्हींतली मोठी रक्कम भरायची, म्हणून ४,३२०. पाच वर्षांनी नेला असता तर फक्त बाजारभावाचा कर उरला असता. गाडीबाबत मात्र निर्धास्त राहा. साध्या मोटारीचं क्रेडिट बहुतेक धंद्यांना मुळातच मिळत नाही, म्हणून रविवारी देवदर्शनाला नेली तरी उलटवण्यासारखं काही नसतं.

हे सगळं उघडकीला कसं येतं? फार सोप्या मार्गानं. पुरवठादारांच्या बिलांवरून बनणाऱ्या GSTR-2B या पत्रकात क्रेडिट तयार दिसतं, हिशेबनीस ते जसंच्या तसं उचलतो. वर्षाअखेरीस नफातोटा पत्रकात 'कर्मचारी कल्याण', 'विक्री प्रोत्साहन', 'दिवाळी खर्च' अशी खाती असतात आणि 4(B)(1) चा रकाना मात्र बारा महिने कोरा. तपासणीला आलेला अधिकारी हे दोन कागद शेजारी ठेवतो. मग चुकीचं घेऊन वापरलेल्या क्रेडिटवर वर्षाला १८ टक्के व्याज. क्रेडिट घेतलं पण खात्यात नुसतं पडून असेल, वापरलं नसेल, तर व्याज लागत नाही, एवढा दिलासा आहे.

मागच्या रांगेतून प्रश्न आला आहे की दुकानात लोकांना दाखवण्यासाठी खोक्यातून काढलेल्या मिक्सरचं काय. तो नमुना नाही. तुमच्याकडेच आहे, धंद्यासाठीच वापरला जातोय, क्रेडिट राहू द्या. वर्षानं तो स्वस्तात विकलात तर त्या किमतीवर कर लावा. मात्र तो विक्रीच्या मालातच धरलेला असताना मोलकरणीला देऊन टाकलात, तर बिल फाडायची गरज नाही, ५४० रुपये उलटवा.