पहाटे साडेपाचच्या आतल्या पावत्या : बगच्या लांब चर्चेचा सारांश कसा काढावा

(नाशिकमध्ये टेस्टर आणि प्रोग्रामर मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बगच्या तिकिटाखाली तीस-चाळीस नोंदी जमल्या की नव्याने येणारा माणूस वरची एक वाचतो, खालची एक वाचतो आणि मधलं सोडून देतो. खरी माहिती बहुतेक वेळा मध्येच असते. तिचा सारांश चार भागांत करायचा असतो : लक्षणं, बग पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, संशयित कारण आणि दुरुस्तीची स्थिती. हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती कुठलं वाक्य कुठल्या भागात टाकायचं यात. म्हणून आज एकच उदाहरण नीट उलगडून पाहू. ते व्याख्यानासाठी रचलेलं आहे, पण यातली चूक जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांकडून नेहमी होते.

समजा, दूध संकलन केंद्रांसाठी ब्राउझरमध्ये चालणारा एक प्रोग्राम आहे. शेतकरी दूध घालतो, लिटर आणि फॅट नोंदवले जातात, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. सिन्नर तालुक्यातल्या एका केंद्राची पहिली तक्रार येते : ‘सकाळचं एकूण दूध कमी दाखवतंय, इंटरनेट गेल्यामुळे पावत्या गळतात.’ दिंडोरीचं केंद्र लिहितं, ‘आमच्याकडे बरोबर येतं, आम्ही सहाला सुरू करतो.’ तिसरा म्हणतो, पावती छापून मिळते पण आजच्या यादीत दिसत नाही. प्रोग्रामर अकरा वाजता तपासतो आणि लिहितो, ‘माझ्याकडे होत नाही.’ मग कुणीतरी सांगतं की दहा तारखेला संपलेल्या बिलात 96 लिटर जास्त लागले आणि पुढच्या बिलात तेवढेच कमी. मध्येच एक जण बटण दोनदा दाबलं की दोन पावत्या छापल्या जातात अशी तक्रार टाकतो. शेवटी ‘फिक्स केलं’ अशी नोंद येते आणि दोन दिवसांनी ‘अजूनही होतंय’.

पहिल्या तक्रारीपासून सुरुवात करू. त्या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत. ‘एकूण दूध कमी दाखवतंय’ हे डोळ्यांनी दिसलेलं आहे, ते लक्षणांत जाईल. ‘इंटरनेट गेल्यामुळे’ हा अंदाज आहे आणि ‘गळतात’ हाही अंदाजच आहे, कारण पावत्या गळल्या की दुसरीकडे गेल्या हे लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही. सारांशात ‘पावत्या गळतात’ असं उतरलं, तर पुढचे सगळे जण नेटवर्क आणि सिंक तपासत बसतील. ते 96 लिटर एका बिलात कमी आणि दुसऱ्यात तेवढेच जास्त आहेत, म्हणजे दूध हरवलेलं नाही, त्याची तारीख बदलली आहे. हा आकडा चर्चेत खोल दडलेला असला तरी सारांशात तो लक्षणांच्या पहिल्या ओळीत यायला हवा.

दिंडोरीची नोंद बहुतेक जण वगळतात, कारण त्यात तक्रारच नाही. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. सिन्नरला पाचला सुरू होतं तिथे बिघाड, दिंडोरीला सहाला सुरू होतं तिथे नाही. मध्ये साडेपाच आहेत, आणि भारतीय वेळ यूटीसीपेक्षा साडेपाच तासच पुढे आहे. प्रोग्रामरची अकरा वाजताची ‘होत नाही’ ही नोंदही याच बाजूची आहे. तिने बग खोटा ठरत नाही, त्याची वेळ कळते. म्हणून ‘कुठे आणि केव्हा होत नाही’ ही ओळ लक्षणांतच लिहावी.

आता पायऱ्या. ‘पहाटे पावती करा’ एवढं पुरत नाही. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची वेळ द्या. संगणकाचा टाइम झोन भारताचा ठेवा, वेळ आपोआप जुळवण्याची सोय बंद करा, घड्याळ 11 तारखेच्या 5:29 वर लावा, पान पुन्हा उघडा आणि पावती करा. ती दहा तारखेच्या यादीत जाईल. मग 5:31 लावून दुसरी करा, ती अकराच्या यादीत येईल. अपेक्षित काय होतं आणि घडलं काय, दोन्ही लिहा. प्रोग्रामची आवृत्तीही लिहा, ती का ते पुढे कळेल. घड्याळ बदलून बग दिसतो तो इथे तारीख ब्राउझरमध्ये ठरते म्हणून. सर्व्हरवर ठरत असती तर केंद्रातलं घड्याळ फिरवून काहीच झालं नसतं. आणि या पायऱ्या कुणी स्वतः करून पाहिल्या नसतील, नुसत्या चर्चेतून जुळवल्या असतील, तर तसं स्पष्ट नोंदवा.

संशयित कारणाकडे येऊ. चर्चेत एकाने ही ओळ दाखवली आहे :

```
const tarikh = new Date().toISOString().slice(0, 10);
```

`toISOString()` नेहमी यूटीसीतली वेळ देतं. आपल्याकडे 11 तारखेचे 5:12 वाजलेले असतात तेव्हा यूटीसीत 10 तारखेचे 23:42 असतात. पहिली दहा अक्षरं कापली की हाती दहा तारीख येते. कारण लिहिताना ते किती पक्कं आहे हेही लिहायचं : ओळ सापडली आहे, 5:29 आणि 5:31 चा फरक तिने पूर्ण समजावला जातो, म्हणून खात्री जास्त. नेटवर्कचा अंदाज पुसू नका, ‘तपासला, लागू नाही, कारण पावत्या जतन होतात’ असं एका ओळीत ठेवा. नाहीतर महिन्याभराने कुणीतरी तोच पुन्हा मांडेल. स्वयंचलित चाचण्यांनी हे का पकडलं नाही, तेही इथेच येईल. चाचण्या चालवणारं यंत्र बऱ्याचदा यूटीसीवर असतं, तिथे स्थानिक तारीख आणि यूटीसी तारीख एकच. चाचणीत वेळ 5:12 वर गोठवून ती `TZ=Asia/Kolkata npm test` अशी चालवली तरच ती नापास होते.

दोनदा छापल्या जाणाऱ्या पावत्यांचा या साऱ्याशी संबंध नाही. त्याचं वेगळं तिकीट करा आणि सारांशात फक्त त्याचा क्रमांक द्या.

सगळ्यांत जास्त गोंधळ चौथ्या भागात होतो, कारण ‘फिक्स केलं’ याचा अर्थ लिहिणाऱ्यागणिक बदलतो. कोड बदलला, मुख्य शाखेत गेला, नव्या आवृत्तीत बाहेर पडला, केंद्रावर बसवला, तक्रारदाराने पहाटे तपासून होकार दिला, या पाच वेगळ्या अवस्था आहेत. आपल्या उदाहरणात दुरुस्ती 3.4.2 मध्ये आहे आणि ‘अजूनही होतंय’ म्हणणारा 3.4.1 वर आहे. आवृत्ती न विचारता त्याची नोंद घेतली, तर चांगली दुरुस्ती अपुरी ठरवली जाईल. म्हणून स्थिती अशी लिहावी :

‘तारीख आता `getFullYear()`, `getMonth()`, `getDate()` वरून बनते. 3.4.2 मध्ये प्रसिद्ध. सिन्नर केंद्र अजून 3.4.1 वर, तिथली खात्री बाकी. केंद्राच्या संगणकाचा टाइम झोन चुकीचा असेल तर तारीख तरीही चुकेल. जुन्या पावत्यांची तारीख दुरुस्त झालेली नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नवा कोड उद्याची पावती बरोबर करतो, जतन झालेली नाही. पावतीसोबत पूर्ण वेळ साठवलेली असेल तर तिच्यावरून खरी तारीख पुन्हा काढता येते, नुसतीच तारीख साठवली असेल तर छापील पावत्या चाळाव्या लागतात. आणि दहा तारखेचं बिल वाटून झालं असेल, तर ज्या शेतकऱ्याचे लिटर इकडचे तिकडे झाले त्याचा फरक पुढच्या बिलात कोण लावणार, त्या माणसाचं नाव स्थितीच्या ओळीतच हवं.