कबड्डीच्या टीम मीटिंगमध्ये क्लिप दाखवताय? मग एकच गोष्ट शिकवा

नमस्कार. रविवारी बालेवाडीला सामना झाला, सोमवारी मंडळाच्या खोलीत टीव्ही लागला आणि प्रशिक्षकांनी अख्खा सामना दाखवला, तर मुलांना फक्त स्वतःच्या पकडी आठवतात. त्यापेक्षा तीन क्लिप घ्या आणि एकच वाक्य ठरवा. उदाहरणार्थ, ‘कॉर्नरच्या हातात पाय आल्याशिवाय कव्हरने झेपायचं नाही.’ कव्हर आधीच गेला तर चढाईपटू वळतो, पकड सुटते, शिवून गेल्यामुळे कॉर्नर आणि कव्हर दोघंही बाद.

आधी वाक्य, मग क्लिप. उलटं केलंत तर जी पकड दिसायला भारी तीच निवडली जाते.

प्रत्येक क्लिप दहा-बारा सेकंदांची पुरे, पण सुरुवात पकडीच्या चार-पाच सेकंद आधीपासून हवी. चूक तिथेच दिसते: कव्हरचं वजन आधीच पुढच्या पायावर गेलेलं असतं. चित्रीकरण अंतिम रेषेच्या मागून, उंचावरून करा. सातही बचावपटू फ्रेममध्ये हवेत. टीव्हीवरचा कॅमेरा चढाईपटूच्या मागे धावतो आणि नेमका कव्हर कापला जातो. आणखी एक, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप मोठ्या पडद्यावर धूसर होते, हात लागला की नाही ते कळत नाही. मूळ फाइल घ्या.

क्रम असा: पहिली जमलेली पकड, दुसरी फसलेली, तिसरी पुन्हा जमलेली. तिन्हींत वेगवेगळे कव्हर घ्या. एकाच पोराच्या चुका लावल्या तर मीटिंगची पंचायत होते, तो मान खाली घालतो आणि बाकीचे हसतात.

आवाज बंद. पहिल्यांदा क्लिप न थांबवता, पूर्ण वेगात. मग विचारा, “कॉर्नरने पाय कधी धरला?” उत्तर येईपर्यंत तुम्ही गप्प. हे सगळ्यात अवघड, खरं सांगतो! दुसऱ्यांदा त्या क्षणी थांबवा. व्हीएलसीमध्ये `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. स्लो मोशन फक्त हात कुठे लागला ते बघायला वापरा. वेळ साधली की नाही हे त्यात ठरवू नका, कारण तिथे प्रत्येकाकडे भरपूर वेळ होता असंच वाटतं.

याच क्लिपमध्ये चढाईपटूचा बोनसचा पाय सुंदर पडलेला असेल. जीभ चावा. तो विषय पुढच्या मीटिंगचा.

मुलांना समजलं का, हे बघायला न दाखवलेली चौथी क्लिप लावा, पकडीच्या अर्धा सेकंद आधी थांबवा आणि विचारा, “कव्हरने आता जायचं?” ‘हो’ किंवा ‘नाही’च्या जोडीला कॉर्नरच्या हाताचा उल्लेख आला तर समजलं. कुणी “जोर कमी पडला” म्हणालं, तर तुमचं वाक्य पोचलेलं नाही. मग पाचवी क्लिप शोधू नका, टीव्ही बंद करून सरळ मॅटवर जा आणि तीच पकड आधी चालत, मग वेगात करून घ्या.