नऊ लाख आणि आठ लाख मिळून सोळा लाखांचं काम होत नाही! टेंडर नोटीस नीट वाचा

नमस्कार मंडळी, कळव्यात साइटच्या बाहेर गाडी लावून बोलतोय, मागून हॉर्न येतील, चालवून घ्या.

परवा आपल्यातलाच एक जण म्हणाला, दादा माझं टेंडर पहिल्याच पाकिटात उडालं, रेट बघितलासुद्धा नाही. त्याची नोटीस उघडली. गटाराचं काम, अंदाजपत्रकी रक्कम २० लाख. पात्रतेत लिहिलेलं, तशाच प्रकारचं एक काम ८० टक्क्यांचं, किंवा दोन कामं प्रत्येकी ५० टक्क्यांची, किंवा तीन कामं प्रत्येकी ४० टक्क्यांची. म्हणजे १६ लाखांचं एक, नाहीतर १० लाखांची दोन, नाहीतर ८ लाखांची तीन. ह्याच्याकडे एक ९ लाख ४० हजारांचं आणि एक ८ लाख ६० हजारांचं, आणि हा म्हणतो १८ लाख झाले की! अरे बेरीज नाही करायची, प्रत्येक काम सुटं मोजतात. ८ लाखांचं तिसरं एक असतं तर बसला असता. आणि "तशाच प्रकारचं" म्हणजे काय तेही नोटिशीतच बघायचं, सोसायटीच्या रंगकामाचं सर्टिफिकेट गटाराला कोण धरणार. सर्टिफिकेटवर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि शेवटच्या बिलाची रक्कम हवी, नुसती वर्क ऑर्डर लावू नका.

आता बयाणा रक्कम, आपली ईएमडी. ह्या कामाला १ टक्का धरली तर २० हजार. टेंडर फी परत येत नाही, ईएमडी काम न मिळाल्यास येते. उद्यमचं सर्टिफिकेट आहे म्हणून ईएमडी माफ, असं धरून चालू नका, केंद्राची ती सवलत वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामाला आपोआप लागत नाही. mahatenders.gov.in वर एनईएफटीने भरणार असाल तर शेवटच्या दिवसावर ठेवू नका, पैसे पोचायला वेळ लागतो. आणि पैसे गेले म्हणजे टेंडर गेलं नाही हां, शेवटी Freeze Bid Submission दाबायचंच. मी स्वतः एकदा विसरलो होतो, चहा प्यायला उठलो आणि वेळ संपली.

पाकिटं दोन. पहिलं टेक्निकल, त्यात पात्रतेची कागदपत्रं, ईएमडीची पावती. ह्यात रेट कुठेही दिसता कामा नये, चुकून बीओक्यू इथे अपलोड झालं तरी बाद. पहिल्यात पास झाला त्याचंच दुसरं, फायनान्शियल उघडतात, तिथे सगळ्यात कमी रेटवाला एल वन.

टक्केवारीच्या टेंडरला एक्सेल शीटमध्ये Less (-) की Excess (+) निवडायला लागतं. १२ टक्के बिलो म्हणजे १७ लाख ६० हजार. घाईत Excess राहिलं तर तेच २२ लाख ४० हजार, आणि नंतर फोन करून काही होत नाही. शीटचं नावही बदलू नका, पोर्टल घेत नाही.