माल तुमच्याकडेच राहू दे

(रत्नागिरीतल्या लघुउद्योजकांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादन करून)

मंडळी, मला वीस मिनिटं दिली आहेत आणि समोर चहाचा थर्मास ठेवलाय. म्हणजे तुमचं लक्ष कुठे असणार ते मला कळलं.

विषय आहे, गिऱ्हाईक म्हणतं 'आमचं गोदाम भरलंय, माल तुमच्याकडेच राहू दे', तेव्हा विक्री झाली की नाही? नियम सांगेनच, पण आधी माझी गोष्ट ऐका. ती फुकट आहे, मला मात्र महाग पडली.

एका वर्षी मे अखेरीला हापूसच्या पल्पचे एक हजार खोके तयार झाले. एका खोक्यात ३.१ किलोचे सहा डबे. डबे काही दिवस ठेवून, कुठला फुगतो का बघून झालं, लेबलं लागली. ट्रक सांगणार तोच घाटावरच्या शेठचा फोन. "काका, आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. पंधरा दिवस राहू दे ना तुमच्याकडे. बिल पाठवून द्या, काही हरकत नाही."

'काका' म्हटलं की आपण विरघळतो. मी बिल पाठवलं. वास्तविक जीएसटीत ज्या मालाची वाहतूक होणार, त्याचं बिल माल हलताना किंवा त्याआधी करायचं असतं. आधी केलं तर गुन्हा नाही, पण त्या महिन्याचा कर मी भरायचा, पैसे येवोत न येवोत. आणि शेठला त्याचं क्रेडिट माल हातात पडल्यावरच. म्हणजे घाई माझी, आराम त्यांचा.

पंधरा दिवसांचे गणपती आले. मधे आपला पाऊस! तुम्हाला काय सांगायचं, जुलैत इथे मीठही बरणीत पाणी होतं. माझ्या गोदामात खालच्या थराचे खोके नरम पडले. फळ्यांवर ठेवले होते, पण भिंतीला टेकून. भिंत पाझरते ती वरून नाही, आतून. खालचे खोके दबले तशी वरची थप्पी कलली. उघडून बघितलं तर नव्वद खोक्यांतल्या डब्यांच्या शिवणीवर तांबूस रेघ. गंज नखाने खरवडून पुसला जात असेल तर वरवरचा. पुसून खड्डा दिसला तर तो डबा विकू नये.

शेठ म्हणाले, "तुमच्या गोदामात खराब झाला, तुमचं नुकसान." मी म्हणालो, "बिल तुमच्या नावाचं, माल तुमचा." त्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझे हजार खोके कोणते?"

मी गप्प. कारण गोदामात तसलेच अडीच हजार होते. त्यातून मधेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला दीडशे दिलेही होते, नंतर भरून काढू म्हणून. माल विक्री कायदा, १९३०, सांगतो की कोणता माल ते ठरल्याशिवाय मालकी जातच नाही. आणि साधारणपणे धोका मालकीबरोबर जातो. नव्वद खोके माझे झाले. (बायको म्हणाली, वर्षभर घरात आमरस! पुढच्या वर्षी पोरांनी आंब्याकडे बघितलं नाही.)

संयोजक घड्याळ दाखवतायत, तेव्हा भराभर.

हिशोबाच्या नियमांत, एएस ९ असो की इंड एएस ११५, अशा विक्रीला मान्यता आहे. पण थांबवण्याची मागणी खरेच गिऱ्हाइकाची असावी, माल वेगळा ओळखता यावा, उचलायला तयार असावा, आणि तो तुम्हाला दुसऱ्या कुणाला देता येऊ नये. माझं ओळखण्यात आणि या शेवटच्या अटीतच फसलं. आता मी डब्याच्या झाकणावरचे बॅच क्रमांक आणि खोक्यांची संख्या लिहून पत्र पाठवतो, शेठकडून सहीशिक्का घेतो, थप्पीला दोरी बांधतो. पत्रात माल कधीपर्यंत उचलणार आणि त्यानंतर खोक्यामागे भाडं किती, हेही असतं. मालकी गेली तरी सांभाळणाऱ्याची काळजी सुटत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून भिंतीपासून दोन फूट जागा सोडतो. विमावाल्यालाही लेखी कळवतो, कारण दुसऱ्याचा माल सांगितल्याशिवाय पॉलिसीत धरत नाहीत.

आणि शेवटचं, ते सगळ्यांच्या उपयोगाचं. लघुउद्योगांच्या पैशांची जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांची मुदत माल प्रत्यक्ष पोचल्यापासून मोजतात. आपल्याच गोदामात पडून राहिला तर गिऱ्हाईक म्हणणार, पोचला कुठे? म्हणून त्याच पत्रात 'बिलाच्या तारखेपासून इतक्या दिवसांत पैसे' असं वेगळं वाक्य घालून घ्या. माझ्या त्या शेठने हे वाक्य वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी ट्रक पाठवला. जागा कुठून झाली, मी विचारलं नाही.

चला, थर्मास उघडा.