रेटिंग कधी मागायचं आणि तक्रारीचं दार कुठे ठेवायचं

नमस्कार. बऱ्याच ॲप्समध्ये आजही एक छोटी चौकट समोर येते, ‘ॲप आवडलं का?’ असं विचारणारी. ‘हो’ म्हटलं की स्टोअरचे तारे दिसतात, ‘नाही’ म्हटलं की तक्रारीचा फॉर्म उघडतो. खूश माणसं चारचौघांत बोलतील, नाराज माणसं आपल्याशी खासगीत बोलतील, असा त्यामागचा हिशेब असतो. ही चाळणी लावू नका, हे आधीच सांगतो. गूगल प्लेच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय की रेटिंगचं कार्ड दाखवण्याआधी किंवा दाखवताना वापरणाऱ्याला त्याचं मत विचारायचं नाही. ‘पाच तारे द्याल का?’ हेसुद्धा नाही. ॲपलच्या नियमावलीत 5.6.1 हे कलम आहे. त्यानुसार रेटिंग मागण्यासाठी त्यांचीच सोय वापरायची, स्वतः बनवलेल्या चौकटी चालत नाहीत.

मग नाराज माणसाला आधी आपल्याकडे वळवायचं कसं? त्यासाठी त्याला काही विचारावंच लागत नाही. काम कुठे अडलं हे ॲपला ठाऊक असतं. तक्रारीचं दार अडलेल्या जागीच ठेवायचं आणि रेटिंगची विनंती काम फत्ते झाल्यावर करायची. दोन्हींमध्ये प्रश्नाचा पूल बांधायचा नाही.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. कागदपत्रं स्कॅन करून पीडीएफ बनवणारं आणि ती सर्व्हरवर जपून ठेवणारं ॲप आहे असं समजा. सर्वसाधारण पद्धत अशी की पाचव्यांदा ॲप उघडलं की रेटिंग मागायचं. यात दोन दोष आहेत. ॲप उघडताना माणूस कामाच्या घाईत असतो, हा पहिला. दुसरा लवकर लक्षात येत नाही. ज्याची फाइल सेव्ह होत नाही, तो ॲप बंद करून पुन्हा उघडतो, परत बंद करतो, परत उघडतो. म्हणजे पाचाचा आकडा सगळ्यांत आधी गाठतो तो वैतागलेला माणूस, आणि आपण नेमकं त्याच्याच हातात तारे देतो. त्यामुळे ॲप किती वेळा उघडलं ते मोजू नका, किती कामं पूर्ण झाली ते मोजा.

पूर्ण झालं म्हणजे काय, हेही नीट ठरवावं लागतं. फाइल फोनमध्ये लिहिली गेली की ‘सेव्ह झालं’ अशी नोंद करणं सोपं असतं, पण अपलोड त्यानंतर फसू शकतं. ‘तारे द्या’ आणि ‘अपलोड अयशस्वी’ असे दोन संदेश एकापाठोपाठ आले, तर पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या रागात दिलं जातं. म्हणून या ॲपमध्ये यशाची नोंद सर्व्हरने पावती दिल्यावरच करायची. या उदाहरणासाठी अटी अशा ठेवता येतील:

```kotlin
val askNow = daysSinceInstall >= 7 &&
    successfulUploads >= 4 &&
    daysSinceLastError >= 7 &&
    !hasOpenComplaint &&
    daysSinceLastAsk >= 122
```

सात आणि चार हे आकडे काही पवित्र नाहीत. रोजच्या वापराच्या ॲपला सात दिवस पुरतात. महिन्यातून एकदा लागणाऱ्या ॲपला चार यशस्वी कामं व्हायलाच चार महिने जातील, तिथे दोन पुरेत. 122 मागे मात्र हिशेब आहे. ॲपल एका ॲपसाठी 365 दिवसांत जास्तीत जास्त तीन वेळाच ही चौकट दाखवतं. वर्षाचे तीन सारखे भाग केले की हा आकडा येतो. तिन्ही संधी पहिल्याच महिन्यात उधळल्या, तर नंतर मोठी सुधारणा करूनही विचारता येत नाही. गूगल प्लेचीही मर्यादा आहे, पण तिचा आकडा जाहीर नाही. महिन्याच्या आत पुन्हा विचारलं तर कार्ड दिसेलच असं नाही, एवढंच ते सांगतात.

`hasOpenComplaint` या अटीवर थोडं थांबतो. तक्रार प्रलंबित असताना रेटिंग मागू नये, हे शहाणपणाचं आहे. पण ज्याने कधीही तक्रार केली त्याला कायमचं वगळलं, तर तीच चाळणी मागच्या दाराने परत आली. माझ्या मते तक्रार निकाली निघाली किंवा 30 दिवस उलटले, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो माणूस पुन्हा सगळ्यांच्या रांगेत यायला हवा. ज्याची अडचण खरोखर सुटली, त्याचं जाहीर मत ऐकण्यासारखं असतं.

आता तक्रारीचं दार. अपलोड फसलं की त्या संदेशातच ‘पुन्हा प्रयत्न करा’च्या शेजारी ‘आम्हाला कळवा’ हे बटण द्या. ते दाबल्यावर एकच रिकामी चौकट उघडू दे. ॲपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, एररचा कोड हे सगळं ॲपने स्वतः भरावं. काय पाठवलं जातंय ते मात्र माणसाला दिसलं पाहिजे. स्कॅन केलेला कागद आपोआप जोडू नका, तो खासगी असतो. मदतीच्या पानावरही हेच दार कायम असू द्या, कारण काही नाराजी एररमधून कळत नाही: अक्षरं पुसट येतात, मेनू सापडत नाही. आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल ते लिहा. इथे दाद मिळत नाही असं दिसलं की माणूस स्टोअरवर जाऊन लिहितो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

एक हमखास होणारी चूक. सेटिंग्जमधल्या ‘रेटिंग द्या’ बटणाला हीच सोय जोडली जाते. मर्यादा संपलेली असेल तर बटण दाबूनही काहीच होत नाही, आणि ॲप बिघडलंय असं वाटतं. त्या बटणावर थेट स्टोअरच्या पानाचा दुवा द्या. ॲपलसाठी दुव्याच्या शेवटी `?action=write-review` जोडलं की लिहिण्याची जागाच उघडते.

दुसरी चूक आभारांची. `launchReviewFlow` पूर्ण झालं एवढंच गूगल कळवतं. कार्ड दिसलं का, तारे दिले का, हे सांगत नाही. ॲपलही सांगत नाही. त्यामुळे पाठोपाठ ‘रेटिंगबद्दल धन्यवाद’ दाखवलं, तर ज्यांना काहीच दिसलं नाही ते गोंधळतात. काही न दाखवता पुढचं काम चालू ठेवा. चाचणी करतानाही हे ध्यानात असू द्या: ॲपलची विनंती टेस्टफ्लाइटमध्ये काहीच करत नाही, आणि डेव्हलपमेंट बिल्डमध्ये दर वेळी दिसते, पण तारे पाठवता येत नाहीत.

वेळ बरोबर निवडली की नाही, हे मग आपल्याच नोंदींवरून तपासायचं. प्रत्येक विनंतीची तारीख, आवृत्ती आणि तिच्या आधीचं काम लिहून ठेवा. ही ‘विनंती केली’ची नोंद आहे, ‘दिसली’ची नव्हे. दर आठवड्याला पाहा, विनंतीनंतर 24 तासांत किती जणांनी ‘आम्हाला कळवा’ दाबलं. हे प्रमाण एरवीपेक्षा जास्त असेल, तर ज्याला आपण यश म्हणतोय ते वापरणाऱ्याच्या लेखी यश नाही. आपल्या उदाहरणात अपलोड झालेली पीडीएफ पुन्हा उघडली तेव्हा पानं उलटसुलट क्रमाने दिसली, असं निघू शकतं. अशा वेळी 122 किंवा सात हे आकडे हलवून काही साधत नाही. पानांचा क्रम दुरुस्त करायचा, आणि विनंती अपलोडनंतर न करता ती फाइल पुढच्या वेळी उघडून, वाचून बंद केल्यावर करायची.